शून्य लिहिलेली पाकिटं

बाबा गेल्यावर तीन महिन्यांनी दादानं मला शिरूरला बोलावून घेतलं. घर भाड्यानं द्यायचं ठरलं होतं आणि बाबांचं लोखंडी कपाट रिकामं करायचं होतं. कपडे, चष्मे, पेन्शनचे कागद असं सगळं अर्ध्या दिवसात उरकलं. सगळ्यात खालच्या कप्प्यात दोन पत्र्याचे डबे निघाले. एकात पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेल्या छोट्या स्लाइड होत्या, दीडशेच्या आसपास. दुसऱ्यात बटर पेपरची पाकिटं, आणि प्रत्येक पाकिटात निगेटिव्हच्या कापलेल्या पट्ट्या. डबा उघडताच आंबूस वास आला, व्हिनेगरची बाटली उघडल्यासारखा.

दादानं एक स्लाइड खिडकीकडं धरून बघितली आणि परत डब्यात टाकली.

"रोग्यांचे फोटो हायेत," तो म्हणाला. "बाबांच्या कामाचे. मागं उकिरड्यावर जाळून टाकू."

बाबा कुष्ठरोगाच्या खात्यात होते. डॉक्टर नव्हे, गावोगाव सायकलनं फिरून लोकांना तपासायचं, चट्टा सापडला तर नोंद करायची, गोळ्या पोचवायच्या आणि घेतल्या का ते बघायचं, हे त्यांचं काम. सरकारनं त्यांना एक कॅमेरा दिला होता आणि स्लाइड दाखवायचं यंत्र. शाळेत पांढरी चादर बांधून ते लोकांना सांगायचे, की हा शाप नाही, आजार आहे, लपवू नका, गोळीनं बरा होतो.

"जाळू नकोस," मी म्हणाले. "एखादा आपला फोटो असेल यात. आईचा असेल."

आईचा तरुणपणातला एकही फोटो आमच्याकडं नव्हता. होता तो रेशन कार्डासाठी काढलेला, साठीनंतरचा. ती जाऊन अकरा वर्षं झाली होती. दादा उठून बाहेर गेला आणि नळाखाली बराच वेळ हात धूत राहिला. मी दोन्ही डबे पिशवीत घातले आणि दौंडला घेऊन आले.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. वेळ होता, पण माहिती काहीच नव्हती. आधी मी एक पट्टी झेरॉक्सच्या दुकानात नेली. मुलीनं ती यंत्रावर ठेवून स्कॅन केली आणि कागदावर नुसता काळा पट्टा उमटला. मग घरी मोबाइलचा पडदा पांढरा करून त्यावर पट्टी ठेवली. माणसं दिसली, पण चेहरे काळे, दात काळे, केस पांढरे. ओळखायचं कुणाला?

स्टेशनजवळ एक जुना स्टुडिओ आहे. चालवणारे गृहस्थ माझ्याच वयाचे. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता, म्हणून मला बाई म्हणतात. पूर्वी त्यांची डार्करूम होती, आता आधार कार्डाचे आणि परीक्षेच्या फॉर्मचे फोटो काढतात. डबे बघून त्यांचा चेहरा जरा उजळला.

"लई दिवसांनी फिल्म बघतोय," ते म्हणाले. "बाई, झेरॉक्सवाल्याचं मशीन खालून उजेड मारतं आन् परत आलेला उजेड वाचतं. कागदाला ते चालतं. हिला उजेड आरपार लागतो, पाठीमागनं. आन् मोबाइलवर ठेवायची तर डायरेक्ट ठेवू नका. पडद्याचे ठिपके दिसतात. मधी बोटभर अंतर पायजे."

त्यांनी एलईडीचा सपाट पांढरा दिवा टेबलावर ठेवला, वर उभ्या दांड्याला खाली तोंड करून कॅमेरा बांधला, जवळचं टिपणारी लेन्स लावली आणि काळ्या पुठ्ठ्याला एका फोटोएवढी खिडकी कापून पट्टीसाठी चौकट केली. हातात सुती मोजे घातले. रबरी फुग्यानं धूळ उडवली. मी पदरानं पुसायला गेले तर त्यांनी माझा हात धरून थांबवला.

"पुसू न्हाई. पाणी तर अजिबात लावू न्हाई. हिच्यावर जिलेटीन असतं, ते फुगतं, फोटो निघून येतो. ही जाळीसारखी बुरशी दिसती ना, ती आता राहणारच."

पट्टीची एक बाजू चकचकीत असते, दुसरी जराशी निस्तेज. चकचकीत बाजू आपल्याकडं ठेवली की कडेचे आकडे सरळ वाचता येतात आणि फोटोही सुलटा येतो; उलटी ठेवली तर डावं उजवं होतं. एका रोलवर छत्तीस फोटो, सहा-सहाचे तुकडे कापलेले. कडेच्या आकड्यांवरून ते तुकडे ओळीनं लावता येत होते. हे सगळं त्यांनी मला शिकवलं आणि मी वहीत लिहून घेतलं. जन्मभर पोरांना शिकवलेल्या बाईला तेवढं सुचतंच.

आठवड्यातून दोनदा मी दुपारी स्टुडिओत जाऊन बसायची. स्लाइडचं काम सोपं होतं, त्यात रंग सरळच असतात, फक्त सगळ्या तांबूस पडल्या होत्या. हात, पाय, पाठी, कानाच्या पाळ्या. चेहरे असलेल्याही होत्या. पुठ्ठ्यावर बाबांच्या बारीक अक्षरात गावाचं नाव आणि नंबर होता. केंदूर ७. मांडवगण फराटा ३. निमोणे ११. माणसाचं नाव कुठंच नव्हतं. पाकिटांवरही तसंच. फक्त चार पाकिटांवर आणि एका स्लाइडवर गाव नव्हतं. नुसतं शून्य, आणि खाली महिना आणि साल.

शून्यातलं पहिलं पाकीट आम्ही उघडलं तेव्हा पडद्यावर एका बाईची उघडी पाठ आली. अजून निगेटिव्हच होतं. मधोमध एक काळा डाग होता, तळहाताएवढा.

"बुरशी का?" मी विचारलं.

त्यांनी पुढचा फोटो लावला, मग त्याच्या पुढचा. बाई किंचित वळली होती आणि डागही तिच्याबरोबर वळला होता.

"फिल्मचा डाग फिल्मच्या जागेवर राहतो," ते म्हणाले. "हा माणसासंगं हलतोय. म्हंजी अंगावरचा हाय. आन् निगेटिव्हमधी काळं दिसतंय म्हणजे तिथं कातडी फिकी होती."

त्यांनी संगणकावर रंग उलटे केले. करडी पाठ सावळी झाली आणि काळ्या डागाच्या जागी फिकट चट्टा आला. कडेनं पेनानं रेघ ओढलेली. मी असे पन्नास चट्टे त्या महिन्यात पाहिले होते. मला काही वाटलं नाही.

पुढच्या पट्टीवर हात होता. कोपरापासून बोटांपर्यंत, पाटावर ठेवलेला. मनगटाच्या वर गोंदण होतं, तुळशीचं रोप आणि शेजारी एक अक्षर. अक्षर उलटं दिसत होतं.

"पट्टी उलटी लागली," म्हणत त्यांनी ती फिरवली. अक्षर सुलटं झालं आणि उजवा वाटणारा हात डावा झाला.

ते माझ्या मामाच्या नावाचं पहिलं अक्षर होतं. लग्नाआधी जत्रेत गोंदवून घेतलेलं. लहानपणी झोप येईपर्यंत मी त्या तुळशीची पानं बोटानं मोजायची.

स्टुडिओवाले उठले, त्यांनी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

"पुढचं लावा," मी म्हणाले.

चारही पाकिटं त्या दुपारी आणि दुसऱ्या दिवशी झाली. तारखांप्रमाणे ओळीनं लावल्यावर साडेतीन वर्षं समोर आली. पाठीवरचा चट्टा पाकिटागणिक पुसट होत गेला होता. चौथ्या पाकिटात तो जवळजवळ नव्हता. हाताचं मात्र उलटं झालं होतं. पहिल्या पाकिटात बोटं सरळ होती. तिसऱ्यात करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं. चौथ्यात ती दोन्ही पंजाच्या नख्यांसारखी वाकली होती.

आईची ती बोटं आम्हाला माहीत होती. "दिवाळीत कढई सांडली, शिरा आखडल्या," असं ती सांगायची. आणि आम्हाला तिचं कौतुक होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. ती चुलीवरचं पातेलं फडक्याशिवाय उतरवायची. शेजारणी म्हणायच्या, हिचा हात लोखंडाचा. मी शाळेत सांगायची, माझ्या आईला भाजतच नाही. तळहातावर फोड यायचे ते तिला दुसऱ्या दिवशी दिसायचे.

तिला भाजत नव्हतं, कारण तिला कळत नव्हतं. इतक्या वर्षांत मला हे सुचलं नाही. माझे वडील त्याच खात्यात असूनही सुचलं नाही.

मग एकेक आठवायला लागलं. बाबा रोज दुपारी घमेल्यात पाणी घेऊन आईचे हात-पाय भिजवायचे आणि खोबरेल तेल चोळायचे. आळीतले लोक हसायचे, बायकोचे पाय धुतो म्हणायचे. आणि आम्हा दोघांबरोबर बाबा एक खेळ खेळायचे. डोळे मिटायचे, ते कापसाची वात अंगाला लावणार, कुठं लावली ते बोटानं दाखवायचं. दर दोन-तीन महिन्यांनी. मी नेहमी जिंकायची आणि बाबा मला गूळ द्यायचे. तो खेळ नव्हता. रोग्याच्या घरातल्या माणसांची तपासणी अशीच करतात.

एक गोष्ट मात्र मी स्वतःहून शोधायला गेले. स्लाइडचा डबा परत काढला आणि हातांच्या स्लाइड वेगळ्या केल्या. त्यातली एक, गाव-नंबर नसलेली, शून्यवाली. आईचा डावा हात, रंगीत. ती स्लाइड मी आधी पाहिली होती.

पाचवीत असताना बाबांनी आमच्या शाळेत यंत्र आणलं होतं. वर्गाच्या खिडक्या घोंगड्यांनी झाकल्या होत्या. भिंतीवरच्या चादरीवर एक भला मोठा वाकडा हात आला आणि सगळी पोरं ई करून ओरडली. मीसुद्धा तोंडावर हात घेऊन हसले. गोंदण मनगटाच्या वर होतं. ते पुठ्ठ्याच्या चौकटीखाली दडवलेलं होतं. आता स्टुडिओवाल्यांनी चौकट उघडून फिल्म बाहेर काढली तेव्हा कडेला तुळशीची दोन पानं दिसली. बाबा त्या दिवशी यंत्राशेजारी उभे होते. माझं हसणं त्यांना ऐकू गेलं का, ते मला कधीच कळणार नाही.

बाबांबरोबर काम केलेले एक आप्पा निमोण्यात राहतात. नव्वदीला टेकलेत, पण डोकं ताजं आहे. मी बसनं गेले. ओट्यावर बसून मी त्यांना मोबाइलमध्ये हाताचा फोटो दाखवला. त्यांनी तो पाहिला आणि मोबाइल माझ्या मांडीवर उलटा ठेवला.

"सापडला व्हय," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला आन् तुझ्या बापाला. तिसऱ्याला न्हाई."

"मग नोंद का नाही केली? बाबा तर गावोगाव सांगत होते, लपवू नका."

"रजिस्टर हापिसात वाचलं जायचं. क्लार्क तुमच्याच भावकीतला. दुसऱ्या दिवशी अख्ख्या गावात झालं आसतं. तुझ्या दादाला आन् तुला शाळेत कुणी बसू दिलं नसतं. तुझा बाप म्हणायचा, आप्पा, मी लोकांना सांगतो ते खरंय, पर लोक अजून तसं वागत न्हाईत."

"गोळ्या कुठून आणल्या?"

"जे मधीच सोडून द्यायचे, त्यांच्या उरायच्या. त्या द्यायचा. तवा एकच गोळी होती, वर्षानुवर्षं घ्यायला लागायची." ते थांबले. "एका साली वरून माल कमी आला. चार-पाच म्हयने तिला गोळी मिळाली न्हाई. त्यातच हाताची शीर सुजली. पुण्याला मोठे डॉक्टर होते, लवकर नेलं आसतं तर बोटं वाचली आसती कदाचित. पर त्याच डॉक्टरकडं तुझा बाप बाकीचे पेशंट न्यायचा. सगळे त्याला वळखायचे. न्हाई नेलं त्यानं."

समोर त्यांची सून कांद्याची पात निवडत होती.

"आणि स्लाइड? तिचा हात शाळाशाळांतून का दाखवला?"

"हापिसातनं मागणी आलती, हाताची स्लाइड पायजे म्हणून. लोक फोटो काढू द्यायचे न्हाईत. तुझा बाप सांगायचा, ती म्हणली, माझा घ्या, तोंड घेऊ नका." आप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. "आता ती खरंच म्हणली का, ते त्यालाच ठावं. तिला कोण इचारणार."

उठताना मी त्यांना विचारलं, बाकीच्या फोटोंचं काय करू. ते म्हणाले, "ती माणसं गेली, पर नातवंडं हायेत त्यांची. ठिवू नको."

दादाला मी फोनवर काही सांगितलं नाही. दौंडला ये, एवढंच म्हणाले. तो आला. स्टुडिओवाल्यांनी आम्हाला आत बसवलं, फोटो उघडून दिले आणि ते बाहेर काउंटरवर जाऊन बसले. दादानं पाठीचा फोटो पाहिला, हाताचा पाहिला. मला वाटलं तो हादरेल. तो शांत होता.

"म्हणून म्हणलं होतं जाळून टाक," तो म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"चौदाचा होतो. बाबांनी सांगितलं. म्हणाले, आता तू मोठा झालास, आईला सांभाळून घे. मी सांभाळलं न्हाई." तो पडद्याकडंच बघत होता. "दुसऱ्याच म्हयन्यात हॉस्टेलला जातो म्हणून हट्ट धरला. आठवतं तुला?"

मला आठवत होतं. आई त्याच्यासाठी डबाभर शेंगदाण्याचे लाडू बांधून द्यायची आणि दर सुट्टीला तो डबा रिकामा परत यायचा. ती खूश व्हायची.

"ते लाडू मी ओढ्यात टाकायचो," दादा म्हणाला. "दर वेळी. बाबा सांगायचे आता तिच्यापासून कुणाला लागत न्हाई, बरी झालीये ती. मला पाठ होतं ते. तरी हात व्हायचा न्हाई तोंडाकडं. घरी आलो की म्हणायचो पोट बिघडलंय. शेवटी शेवटी ती ताट वाढायची आन् तुझ्या वहिनीला म्हणायची, तू दे त्याला. म्हंजी तिला कळलं होतं."

मी त्याच्यावर ओरडायला हवं होतं. इतकी वर्षं मी समजत होते की तो मुलगा म्हणून ताठ आहे, त्याला आईची फिकीर नाही. मी ओरडले नाही, आणि त्याचा हातही धरला नाही.

चौथ्या पाकिटातली शेवटची पट्टी मी त्याला दाखवायला मुद्दाम मागं ठेवली होती. एकतीस ते छत्तीस. रोल संपवायचा म्हणून असेल, बाबांनी उरलेल्या सहा फोटोंत आईचा चेहरा काढला होता. पाच हलले आहेत. चौतिसावा नीट आहे. अंगणात पाटावर बसलेली, तिशीच्या आतली आई, भुवया विरळ, सरळ कॅमेऱ्याकडं बघणारी. हसत नाहीये. हात मांडीवर आहेत, उजव्या हाताखाली डावा झाकायचा प्रयत्न केलेला, पण पुरता झाकलेला नाही.

दादानं तो फोटो खूप वेळ पाहिला.

"हा मला दे," तो म्हणाला. "मोठा करून. पर हात नको त्यात."

"दादा."

"नातीचं स्थळ बघतोय गं. घरात चार माणसं येतात. कुणी विचारलं तर काय सांगू?"

मी स्टुडिओवाल्यांना आत बोलावलं. दादानं सांगितलं तशी त्यांनी चौकट ओढली, छातीपर्यंत, आणि एकदा माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. त्यांनी प्रिंट काढली.

बाकीच्या फिल्म मी त्याच आठवड्यात संपवल्या. जाळल्या नाहीत, घरात तो धूर नको होता. स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून एकेक स्लाइड पुठ्ठ्यातून काढली आणि कात्रीनं चार-चार तुकडे केले. केंदूर ७, पाठमोरा म्हातारा. मांडवगण ३, कान. निमोणे ११ ही दहा-बारा वर्षांची मुलगी होती, शाळेच्या फ्रॉकमध्ये, गालावर फिकट चट्टा. तिला कापताना कात्री थांबली. ती आता माझ्याएवढी असेल, कुठंतरी कुणाची तरी आजी. मी तिचेही चार तुकडे केले. स्टुडिओवाल्यांनी आमच्या कामाच्या प्रती संगणकातून काढून टाकल्या आणि मला रिकामा फोल्डर दाखवला. आईची चार पाकिटं आणि तिच्या हाताची स्लाइड तेवढी ठेवली. ती माझ्याजवळ आहेत, नव्या कागदात, कोरड्या डब्यात.

बाबांच्या वर्षश्राद्धाला आम्ही सगळे दादाकडं जमलो. भिंतीवर बाबांच्या शेजारी आईचा फोटो होता, हार घातलेला. नातेवाईक एकेक जण पुढं येऊन बघत होते. एक लांबची आत्या म्हणाली, "काय देखणी होती गं. कुठं सापडला?"

"कपाटात होता," दादा म्हणाला.

मग ती माझ्याकडं वळली. "तरुणपणी हिची तब्येत बरी होती मग. पुढं हात कशानं आखडला म्हणायचा?"

वहिनी ताटं मांडत होती. दादाची नात दारात उभी होती. दादा माझ्याकडं बघत होता.

"कढई सांडली होती," मी म्हणाले. "दिवाळीत."